नाम जागेवर, क्रियापद भटकलेले

इंग्रजीच्या स्पेलिंगवर मराठी माणसाच्या ज्या जुन्या तक्रारी आहेत, त्यांत एक अशी : क्रियापद पाठ केले तरी त्याचे नाम लिहिताना हात चुकतोच. ‘प्रोनाउन्स’मध्ये एन-ओ-यू-एन आहे, मग त्याच्याच नामातला ओ कुठे जातो? बरोबर शब्द ‘प्रनन्सिएशन’, पण आपण बोलतो ‘प्रोनाउन्सिएशन’ आणि लिहितोही तसेच, मधला ओ ठेवून. ‘मेंटेन’मध्ये ए-आय दोनदा येते, ‘मेंटेनन्स’मध्ये पहिले ए-आय शाबूत राहते आणि दुसऱ्याच्या जागी नुसता ई येतो. कोणी केला हा बदल, आणि का?

या प्रश्नातच एक चुकीचे गृहीत आहे. आपण धरून चालतो की आधी क्रियापद होते, त्याला प्रत्यय लागला आणि नाम तयार होताना स्पेलिंग बिघडले. या जोड्यांचा इतिहास पाहिला तर उलटे दिसते. नामाने लॅटिनमधले मूळ अक्षर जपून ठेवले आहे. वाटेत बदलले आहे ते क्रियापद.

‘प्रोनाउन्स’चेच पाहू. लॅटिनमध्ये ‘नुन्तिउस’ म्हणजे निरोप्या, दूत. त्यावरून ‘प्रोनुन्तिआरे’ हे क्रियापद झाले. अर्थ जाहीर करणे, मोठ्याने सांगणे. त्याचे नाम ‘प्रोनुन्तिआतिओ’. दोन्हींत ‘नुन’ आहे, म्हणजे यू. इ. स. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि कोर्टकचेरी यांची भाषा फ्रेंच झाली आणि पुढच्या तीनशे वर्षांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. त्यांतच हे क्रियापद आले. इंग्लंडमधल्या फ्रेंच वळणाच्या लेखनिकांची एक सवय होती : दीर्घ ‘ऊ’ लिहायचा तर ते ओ-यू ही दोन अक्षरे वापरत. अस्सल इंग्रजी शब्दांनाही त्यांनी हाच वेष दिला. आजचा ‘हाउस’ तेव्हा ‘हूस’ होता आणि ‘माउस’ होता ‘मूस’. (आपल्या मूषकाशी त्याचे नाते आहे, ते असे उच्चारले की लगेच दिसते.) त्याच रिवाजाने ‘प्रोनून्स’मधला दीर्घ ऊ ओ-यूने लिहिला गेला. तेव्हा त्यात विसंगती काहीच नव्हती. लिहिले तसे वाचले जात होते.

मग इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडात एक मोठी उलथापालथ झाली. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून हलले. भाषाशास्त्रात याला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ म्हणतात. आपण दीर्घ स्वरांची महास्थलांतर म्हणू. या काळात दीर्घ ‘ऊ’चा ‘आउ’ झाला : हूसचा हाउस, मूसचा माउस, आणि प्रोनून्सचा प्रोनाउन्स. अडचण अशी की याच काळात छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना 1476 मध्ये घातला. पुस्तके छापली जाऊ लागली तसे स्पेलिंग हळूहळू गोठत गेले आणि उच्चार मात्र पुढे सरकत राहिला. इंग्रजीच्या लेखन-उच्चारातल्या बहुतेक भांडणांचे मूळ या एका योगायोगात आहे.

नामाची गोष्ट वेगळी. ते लांब आहे आणि त्यात जोर, म्हणजे आघात, ‘एशन’मधल्या ‘ए’वर पडतो. जोर पुढे सरकल्यामुळे ‘नुन’ला दीर्घ व्हायला वावच मिळाला नाही, तो ऱ्हस्व राहिला. ऱ्हस्व स्वर या स्थलांतरात सापडले नाहीत, म्हणून तिथे ‘आउ’ झाला नाही, आणि ओ-यू लिहिण्याचे कारणही उरले नाही. लॅटिनचा यू जसाच्या तसा राहिला. ‘डिनाउन्स’–‘डिनन्सिएशन’, ‘रिनाउन्स’–‘रिनन्सिएशन’ या जोड्या याच घराण्यातल्या आहेत आणि यांत कुठेही अपवाद नाही. ‘प्रोफाउंड’ हे विशेषण आणि ‘प्रोफंडिटी’ हे नाम, ‘अबाउंड’ हे क्रियापद आणि ‘अबंडन्स’ हे नाम, इथेही तीच चाल.

शब्द लांबला की स्वर आखूड होतो, हे मराठी माणसाला शिकवायला नको. फूल, पण फुलाचा. दूध, पण दुधात. मीठ, पण मिठाचा. बहीण, पण बहिणीला. शब्द एकटा असतो तेव्हा शेवटून दुसरा स्वर दीर्घ, आणि पुढे प्रत्यय लागून तो आत ढकलला गेला की ऱ्हस्व. शुद्धलेखनाच्या नियमांत हे लिहिलेले आहे, पण नियम नंतर आला. कानाने ते आधीच केले होते. आणि आपल्याकडेही उसन्या शब्दांना वेगळी वागणूक मिळते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमातून सुटतात : शरीर–शरीरात, सूत्र–सूत्रात. तोंडातून ‘शरिरात’ निघते, लिहिताना मात्र दीर्घच. म्हणजे इंग्रजीत लॅटिनचे आणि मराठीत संस्कृतचे वजन लेखनावर सारखेच पडलेले आहे.

फरक एका बाबतीत आहे. इंग्रजीत लांब नामात स्वर आखूड होतो तो शेकडो शब्दांत, पण स्पेलिंग बदलते ते मोजक्या. ‘डिव्हाइन’चे ‘डिव्हिनिटी’ झाले, उच्चार ‘आय’वरून ‘इ’वर आला, तरी अक्षर तेच : आय. ‘इन्व्हाइट’–‘इन्व्हिटेशन’, ‘अॅडमायर’–‘अॅडमिरेशन’ इथेही तेच. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेवर 1968 मध्ये जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी यावरून इंग्रजी स्पेलिंगची चक्क बाजू घेतली होती. त्यांचे म्हणणे असे की अक्षर न बदलल्यामुळे दोन शब्दांचे नाते डोळ्यांना दिसत राहते आणि उच्चार वाचणारा आपोआप सावरून घेतो. ‘डिव्हाइन’च्या बाबतीत हे पटते. ‘प्रोनाउन्स’च्या बाबतीत नेमके हेच घडत नाही.

का घडत नाही, याचे उत्तर साधे आहे. एकच अक्षर असेल तर ते इंग्रजीत दुहेरी काम करते. आय हे अक्षर ‘आय’ही वाचता येते आणि ‘इ’ही. पण दीर्घ स्वर दोन अक्षरांनी लिहिलेला असेल, ओ-यू किंवा ए-आय किंवा ई-ए, तर ती जोडी सहसा ऱ्हस्व वाचता येत नाही. मग स्वर आखूड झाला की लेखनात जोडी मोडावी लागते आणि एकच अक्षर उरते. ‘एक्स्प्लेन’–‘एक्स्प्लनेशन’, ‘प्रोक्लेम’–‘प्रोक्लमेशन’, ‘रिव्हील’–‘रेव्हलेशन’, ‘रिपीट’–‘रेपिटिशन’ हे सगळे याच रांगेतले. ज्या क्रियापदात दीर्घ स्वर जोडाक्षराने लिहिला आहे, त्याचेच नाम लिहिताना सावध व्हायचे. जिथे एकच अक्षर आहे, तिथे भीती जवळजवळ नाही.

जोडी मोडल्यावर कोणते अक्षर उरते, हा पुढचा प्रश्न जास्त त्रासदायक. तिन्ही शब्दांत ए-आय असले तरी ‘एक्स्प्लेन’च्या नामात ए उरतो, ‘मेंटेन’च्या नामात ई, आणि ‘ऑर्डेन’च्या, म्हणजे पाद्रीपदाची दीक्षा देण्याच्या क्रियापदाच्या, ‘ऑर्डिनेशन’ या नामात आय. हे मनमानी वाटते. लॅटिनकडे पाहिले की उलगडते. पहिल्याच्या मुळाशी ‘प्लानुस’ म्हणजे सपाट, तिथे ए. दुसऱ्याच्या मुळाशी ‘तेनेरे’ म्हणजे धरणे, तिथे ई. तिसऱ्याच्या मुळाशी ‘ऑर्डिनारे’ म्हणजे क्रम लावणे, तिथे आय. तीन वेगवेगळे स्वर इंग्रजी क्रियापदात येईपर्यंत एकाच ए-आयमध्ये मिसळून गेले. नामांनी आपापला स्वर सांभाळला. क्रियापदाकडून नामाचे स्पेलिंग काढता येत नाही ते यामुळे. क्रियापदाने ती खूण पुसलेली आहे.

आता ‘मेंटेन’ सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्याचे कुटुंब मोठे. मूळ लॅटिन शब्दसमूह ‘मानू तेनेरे’, हाताने धरणे. त्याचे फ्रेंचमध्ये ‘मेंतनीर’ झाले. हाताने धरून ठेवणे म्हणजे आधार देणे, चालू ठेवणे, पोसणे. आपल्याकडे ‘मेंटेनन्स’ हा शब्द सोसायटीच्या मासिक वर्गणीलाही वापरतात आणि कौटुंबिक न्यायालयातल्या पोटगीलाही. दोन्ही अर्थ त्या हातात होतेच. जुन्या इंग्लिश कायद्यात तर ‘मेंटेनन्स’ नावाचा गुन्हा होता. ज्या दाव्याशी आपला संबंध नाही, त्यात एका पक्षाला पैशाचा वा माणसांचा आधार देणे, असा तो गुन्हा. इंग्लंडमध्ये तो 1967 मध्ये रद्द झाला.

फ्रेंचमध्ये ‘धरणे’ या धातूवर जोर पडला की त्याचा स्वर पसरायचा आणि जोर नसला की नुसता ‘तेन’ राहायचा. इंग्रजीने क्रियापद घेताना जोराचे रूप घेतले, म्हणून ‘टेन’मध्ये ए-आय आले. नाम मात्र फ्रेंचमधून तयारच आले, बिनजोराच्या ‘तेन’सकट. इंग्रजीत त्या नामाचा जोर पहिल्या अवयवावर गेला. इंग्रज माणूस म्हणतो ‘मेन्-टनन्स’, मधले अक्षर जवळजवळ गिळून. म्हणून पहिले ए-आय, जिथे जोर आहे, ते टिकले आणि दुसऱ्याच्या जागी ई आहे.

मराठी माणूस इथे चुकतो त्याचे कारण त्याचे अज्ञान नव्हे, त्याचा उच्चार आहे. मराठीत शब्दातल्या एका अवयवावर इतका जोर देऊन बाकीचे गिळायची पद्धत नाही. आपण अक्षरे बऱ्यापैकी समान वजनाने बोलतो. म्हणून ‘मेंटेन’ आणि ‘मेंटेनन्स’ यांतला ‘टे’ आपल्या तोंडी अगदी सारखा आहे, आणि सारखा ऐकू येतो म्हणून सारखा लिहिला जातो. इमारतीच्या फलकावर, बिलावर, पावतीपुस्तकावर ‘टी-ए-आय-एन’ घातलेला ‘मेंटेनन्स’ जो दिसतो, तो आपल्या उच्चाराला प्रामाणिक आहे, फक्त इंग्रजी नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही ही चूक करतात, पण वेगळ्या कारणाने : त्यांना मधला स्वर ऐकूच येत नाही, म्हणून ते क्रियापदावरून अंदाज बांधतात.

याच ‘तेनेरे’च्या घराण्यात आणखी एक गंमत आहे, आणि ती कामाचीही आहे. ‘सस्टेन’चे नाम ‘सस्टनन्स’, त्यात ‘टी-ई-एन’ आणि शेवटी ‘ए-एन-सी-ई’, मेंटेनन्ससारखेच. पण ‘अॅब्स्टेन’चे नाम ‘अॅब्स्टिनन्स’, त्यात ‘टी-आय-एन’ आणि शेवटी ‘ई-एन-सी-ई’. ‘पर्टेन’चे ‘पर्टिनन्स’ही तसेच. हा दुसरा गट थेट लॅटिनच्या वळणाचा आहे. लॅटिनमध्ये ‘तेनेरे’ला मागे उपसर्ग लागला की ‘ते’चा ‘ति’ होई : आब्स्तिनेरे, पेर्तिनेरे. आणि त्याचे नाम ‘एन्तिया’ने संपे, म्हणून शेवटी ई. पहिला गट फ्रेंच घडणीचा आहे. फ्रेंचने अशा सगळ्या शेवटांना एकाच ‘आन्त’–‘आन्स’च्या साच्यात बसवले, म्हणून तिथे ए. सबब मध्ये ई असेल तर शेवटी ए, आणि मध्ये आय असेल तर शेवटी ई. ‘एन्स’ की ‘अन्स’ हा इंग्रजी लिहिणाऱ्याचा नेहमीचा घोळ. या कुटुंबापुरता तो इथे कायमचा मिटतो. ‘डिटेन’–‘डिटेन्शन’ आणि ‘रिटेन’–‘रिटेन्शन’ ही तिसरी शाखा. ती लॅटिन धातूच्या ‘तेन्त’ या भूतकाळी रूपावरून निघाली आणि तिच्यात सहसा कोणी चुकत नाही, कारण तिथला ‘टेन’ स्पष्ट ऐकू येतो.

आता याच कुटुंबात ‘एंटरटेन’ आहे आणि ‘कंटेन’ आहे. त्यांची नामे ‘एंटरटेनमेंट’ आणि ‘कंटेनमेंट’. इथे ए-आय जसेच्या तसे. करोनाच्या काळात ‘कंटेनमेंट झोन’ हा शब्द गल्लोगल्ली पोचला आणि त्याचे स्पेलिंग कोणाला अडले नाही. कारण ‘मेंट’ हा प्रत्यय इंग्रजीने आपल्या घरात वापरात घेतला आणि तयार क्रियापदाच्या पाठीला नुसता चिकटवला. तो शब्दाचा जोर हलवत नाही. जोर हलला नाही तर स्वर आखूड होत नाही, आणि स्वर आखूड झाला नाही तर जोडी मोडायचे कारण नाही. ‘एर’, ‘इंग’, ‘एबल’ हे प्रत्ययही असेच निरुपद्रवी आहेत. म्हणून रेडिओवरचा ‘अनाउन्सर’ आपला ओ-यू सांभाळून असतो.

एकाच क्रियापदाला दोन्ही प्रकारची नामे मिळाली की त्यांच्यात कामाची वाटणी होते. ‘अनाउन्स’चे घरगुती नाम ‘अनाउन्समेंट’, रेल्वे फलाटावरची. त्याचेच लॅटिन नाम ‘अनन्सिएशन’, आणि ते आज जवळजवळ एकाच घटनेसाठी राखीव आहे : गॅब्रिएल या देवदूताने मेरीला येशूच्या जन्माची दिलेली वार्ता. चर्चच्या दिनदर्शिकेत 25 मार्चला, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, तो सण येतो. ‘प्रोनाउन्स’चेही तसेच. कोर्टाने निकाल दिला तर ते ‘प्रोनाउन्समेंट’, ओ-यूसह. तोंडाने शब्द उच्चारला तर ‘प्रनन्सिएशन’, ओशिवाय. ‘प्रोनाउन्सिएशन’ म्हणणाऱ्याच्या कानात बहुधा हे पहिले रूप घुमत असते.

हा जोराचा नियम सगळीकडे चालतो असे मात्र नाही. ‘अपियर’–‘अपियरन्स’, ‘अव्हॉइड’–‘अव्हॉइडन्स’ यांत जोर हलत नाही आणि जोडीही टिकते, तिथपर्यंत ठीक. पण ‘अबंडन्स’मध्ये जोर जागचा हलत नाही, तरी ओ गेलेला आहे, कारण ते नाम लॅटिनमधून यू घेऊनच आले. आणि अस्सल इंग्रजी शब्दांत स्वर बदलला तरी लेखन बदलत नाही : ‘साउथ’ आणि ‘सदर्न’ दोन्हींत ओ-यूच आहे. त्यांच्या मागे लॅटिनचा आधार नव्हता, म्हणून स्पेलिंग दुरुस्त करायला कोणी गेले नाही.

तेव्हा लिहिताना अडलात तर क्रियापदाकडे पाहू नका. त्याच कुळातला असा शब्द शोधा, ज्यात तो स्वर स्पष्ट आहे. ‘एक्स्प्लनेशन’साठी ‘प्लेन’ म्हणजे सपाट पृष्ठभाग, ए असलेला. ‘प्रोक्लमेशन’साठी ‘क्लॅमर’, म्हणजे गलका. आणि ‘मेंटेनन्स’साठी ‘टेनंट’, भाडेकरू. हाही त्याच फ्रेंच ‘तनीर’चा, जागा धरून असलेला माणूस, आणि त्यात टी-ई-एन-ए-एन ही पाच अक्षरे ‘मेंटेनन्स’मधल्यासारखीच, त्याच क्रमाने आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींना विनंती इतकीच की पुढचे पावतीपुस्तक छापायला देण्याआधी भाडेकरूंच्या यादीचा मथळा एकदा पाहून घ्यावा.